आकृती गळालेला प्रश्न: चुंबक कुंडलाकडे नेला, तर धारा अ कडून ब कडे की उलट?

मंजिरी_क

माझा भाचा बारावीला आहे. त्यांच्या ग्रुपवर सरावाच्या प्रश्नांची एक पीडीएफ फिरते आहे. कुणीतरी ती टाइप करून बनवलेली दिसते, कारण मजकूर सगळा आहे आणि आकृत्या एकही नाहीत. त्यातला एक प्रश्न जसाच्या तसा देते:

"आकृतीत दाखवल्याप्रमाणे पट्टीचुंबकाचा उत्तर ध्रुव कुंडलाकडे वेगाने नेला. कुंडलाची टोके अ व ब गॅल्व्हानोमीटरला जोडली आहेत. गॅल्व्हानोमीटरमधून प्रवर्तित धारा वाहील: (१) अ कडून ब कडे (२) ब कडून अ कडे (३) वाहणार नाही (४) आधी एका दिशेने, मग उलट."

उत्तरसूचीत (२) दिलं आहे. भाचा म्हणतो, लेन्झचा नियम लावून मी "घड्याळाच्या उलट" इथपर्यंत येतो, पण तिथून "ब कडून अ कडे" कसं काढायचं ते कळत नाही. मी स्वतः कॉमर्सची. मला एवढंच समजून घ्यायचं आहे की त्याला काहीतरी येत नाहीये, की प्रश्नातच काही कमी आहे?

ओंकार_पुणे

काही कमी नाही, प्रश्न सरळ आहे. उत्तर ध्रुव जवळ येतोय म्हणजे कुंडलाचं जवळचं तोंड उत्तर ध्रुव होणार, तरच ते त्याला ढकलेल. उत्तर ध्रुवाच्या तोंडावर धारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं असते. म्हणून ब कडून अ कडे. आम्हाला क्लासमध्ये हे पाठच करून घेतलं होतं: उत्तर जवळ, तर उलट.

विलास_नाशिक

मंजिरीताई, भाच्याचं काहीही चुकत नाही. तो जिथे अडला आहे तिथेच अडायला हवं.

ओंकार, उत्तर ध्रुवाबद्दलची तुझी दोन्ही वाक्यं अगदी बरोबर. "म्हणून" नंतरचं वाक्य मात्र आधीच्या दोन वाक्यांतून निघत नाही. घड्याळाच्या उलट म्हणजे कुणाला दिसणारं उलट? चुंबकाच्या बाजूनं पाहणाऱ्याला. तोच वेढा पलीकडून पाहिला तर काट्यांच्या दिशेनं दिसेल. आणि बाजू ठरवली तरी अ आणि ब कुठे आहेत, तार नळीवर कशी गुंडाळली आहे, हे मजकुरात कुठे आहे? ते फक्त आकृतीत होतं. आकृती गेली तसं तेही गेलं.

मी बरीच वर्षं अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवलं. या प्रकरणात मुलं लेन्झच्या नियमावर क्वचितच अडतात. ती अडतात ती तारेचा माग काढताना, आणि तो माग आकृतीशिवाय काढताच येत नाही.

ओंकार_पुणे

पण सर, सगळ्या पुस्तकांत आकृती साधारण सारखीच असते. चुंबक डावीकडे, कुंडल उजवीकडे, खाली गॅल्व्हानोमीटर.

विलास_नाशिक

तीच आकृती घेऊ आणि शेवटपर्यंत जाऊ. मंजिरीताई, भाच्याला कागद-पेन्सिल घेऊन बसवा.

कुंडल आडवं आहे. चुंबक त्याच्या डावीकडे, उत्तर ध्रुव कुंडलाकडे, आणि तो उजवीकडे सरकतो आहे. अ हे तारेचं डावं टोक, ब उजवं टोक. दोन्ही टोकं खाली आली आहेत आणि त्यांच्यामध्ये गॅल्व्हानोमीटर आहे.

लेन्झप्रमाणे कुंडलाचं डावं तोंड उत्तर ध्रुव व्हायला हवं. आता चुंबकाच्या जागी उभं राहून कुंडलाकडे बघा. धारा घड्याळाच्या उलट फिरते आहे. तुम्ही कागदावर वेढ्यांची जी बाजू समोर पाहता, ती या माणसाच्या उजव्या हाताला येते. उलट फिरणारी धारा त्याच्या उजव्या हाताला वर चढते. म्हणजे कागदावर समोर दिसणाऱ्या वेढ्यांत धारा खालून वर जाते. पडताळा हवा असेल तर उजव्या हाताची बोटं समोरच्या वेढ्यांवर खालून वर आणि पुढे माथ्यावरून मागे जातील अशी वळवा. अंगठा डावीकडे, चुंबकाकडे रोखलेला राहील. तेच उत्तर ध्रुवाचं तोंड.

इथपर्यंत तारेची गुंडाळणी विचारातच घ्यावी लागली नाही. आता घ्यावी लागेल.

पहिली शक्यता: अ पासून निघालेली तार आधी नळीच्या समोरून वर चढते, माथ्यावरून मागे जाते, मागून खाली येते, पुन्हा समोरून वर, असं करत उजवीकडे ब पर्यंत पोहोचते. समोर धारा खालून वर हवी. म्हणजे कुंडलाच्या आत धारा अ पासून ब कडे चालली. ती ब मधून बाहेर पडते, गॅल्व्हानोमीटरमधून अ ला परत येते. बाहेर ब कडून अ कडे. सूचीतलं (२) जुळलं.

दुसरी शक्यता: अ पासूनची तार आधी नळीच्या मागून वर चढते आणि माथ्यावरून समोर खाली उतरते. समोर धारा खालून वर हवी, म्हणजे आता ती तारेच्या मागावर ब कडून अ कडे चालायला हवी. ती अ मधून बाहेर पडते आणि गॅल्व्हानोमीटरमधून अ कडून ब कडे जाते. उत्तर (१).

चुंबक तोच, ध्रुव तोच, हालचाल तीच, अ-ब सुद्धा तिथेच. फक्त पहिला वेढा समोरून गेला की मागून, एवढ्यानं उत्तर फिरलं.

एक गोष्ट वेगळी सांगतो, कारण गुण बहुतेक तिथेच जातात. कुंडलाच्या आतली दिशा आणि गॅल्व्हानोमीटरमधली दिशा अ-ब च्या भाषेत एकमेकींच्या उलट असतात. कुंडल इथे सेलचं काम करतं आहे. सेलच्या आत धारा ऋण टोकाकडून धन टोकाकडे, बाहेर धनाकडून ऋणाकडे. ओंकार, तू "ब कडून अ कडे" लिहिलंस ते कुंडलातलं की गॅल्व्हानोमीटरमधलं, हे तुझ्या उत्तरावरून कळत नाही.

ओंकार_पुणे

गॅल्व्हानोमीटरमधलं म्हणायचं होतं. पण मग सूचीत (२) आहे त्यावरून आकृती कळलीच की. पहिली शक्यता होती.

विलास_नाशिक

नाही कळली. चुंबक कुंडलाच्या डावीकडे होता की उजवीकडे, डाव्या टोकाकडून तार आधी समोरून गेली की मागून, अ डावं टोक की उजवं, या तिन्ही गोष्टी हरवल्या आहेत. यांतली कुठलीही एक उलटवली की उत्तर उलटतं. कुठल्याही दोन उलटवल्या की उत्तर परत तेच. आठ आकृत्या होतात. त्यांतल्या चार (२) देतात, चार (१). उत्तरावरून अर्ध्या आकृत्या बाद झाल्या, बाकी चारांतली नेमकी कुठली ते सांगता येत नाही. ध्रुव आणि जवळ-दूर ह्या गोष्टी मजकुरात राहिल्या म्हणून आठ. त्याही गेल्या असत्या तर बत्तीस झाल्या असत्या, आणि अर्धी वाटणी तशीच.

तारवाला

मी दुचाकीचं इलेक्ट्रिकल काम करतो. पल्सर कॉइलमध्ये हाच प्रकार असतो. मॅग्नेटच्या बाहेरचा उंचवटा कॉइलसमोरून जातो तेव्हा कॉइल एक पल्स देते आणि त्यावर सीडीआय स्पार्क सोडतो. कॉइल बदलताना कुणी दोन वायरी उलट जोडल्या तर गाडी चालू होते पण टायमिंग हुकतं. पिकअप जातो. आम्ही दिशा वगैरे काढत बसत नाही, वायरचा रंग बघतो. रंग उडाला असेल तर जोडून टायमिंग लाइट मारतो, नाही जमलं तर फिरवतो. तुमच्या भाच्यालाही तसंच करता येईल, दोन्ही बाजूंनी जोडून बघायचं.

मंजिरी_क

दादा, त्याला पेपरात लिहायचं आहे, हातात कॉइल नाहीये. पण तुमचं उदाहरण त्याला दाखवते. वायरी उलट जोडल्यावर नक्की काय बदलतं? पल्स तर तरीही येतेच ना?

तारवाला

पल्स येते, पण तिला दोन बाजू असतात. उंचवटा येताना एका बाजूची, जाताना उलट बाजूची. सीडीआय त्यातली एकच बाजू ओळखतो. वायरी फिरवल्या की येतानाची सोडून जातानाची पकडतो. तेवढ्यात मॅग्नेट पुढे सरकलेला असतो, म्हणून टायमिंग चुकतं.

विलास_नाशिक

तारवाले दादांनी पर्याय (४) फार छान उलगडून दिला. उंचवटा जवळ येताना कॉइलमधला फ्लक्स वाढतो, दूर जाताना कमी होतो. ध्रुव बदलला नाही, सरकण्याची दिशा बदलली नाही, तरी धारा फिरली. चुंबक कुंडलातून आरपार काढला किंवा तोंडासमोरून आडवा नेला, तरी असंच होतं. म्हणून मूळ आकृतीत बाण कुंडलाच्या आसावर होता की आडवा, हाही प्रश्न आहे. "कुंडलाकडे नेला" यावरून आसावर असावा असं मी धरलं आहे.

श्रीधर_बडोदा

आकृती असो नसो, एक साधी पद्धत आहे. प्रवर्तित धारेचं चुंबकीय क्षेत्र नेहमी चुंबकाच्या क्षेत्राच्या विरुद्ध असतं. चुंबकाचं क्षेत्र कुठे जातं ते बघायचं, त्याच्या उलट अंगठा धरायचा, बोटं धारा सांगतात. मी याच पद्धतीनं इंजिनिअरिंग प्रवेशाची तयारी केली होती.

विलास_नाशिक

श्रीधरराव, जवळ येणाऱ्या चुंबकाला ही पद्धत बरोबर उत्तर देते, दूर जाणाऱ्याला चुकीचं. विरोध क्षेत्राला नसतो, क्षेत्रातल्या बदलाला असतो. उत्तर ध्रुव दूर चालला तर कुंडलातला फ्लक्स कमी होतो आहे. तो टिकवायला प्रवर्तित क्षेत्र चुंबकाच्या क्षेत्राच्याच दिशेनं उभं राहतं, जवळचं तोंड दक्षिण ध्रुव होतं आणि चुंबकाला मागे ओढतं.

तुमची पद्धत दोन्हीकडे चालवून पाहा. दूर जाणाऱ्या चुंबकाला कुंडल आणखी दूर ढकलेल, त्याचा वेग वाढेल, वेग वाढला की धारा वाढेल, धारा वाढली की ढकलणं वाढेल. कुणीही काम न करता चुंबकाची गतिज ऊर्जाही वाढते आहे आणि तारही तापते आहे. असं होत नाही. दिशा बरोबर आली की नाही, याची ही सगळ्यात भरवशाची कसोटी आहे. चुंबक हलवणाऱ्या हाताला जोर लावावा लागला पाहिजे.

श्रीधर_बडोदा

ऊर्जेचा मुद्दा पटला. पण परीक्षेत बहुतेक प्रश्न जवळ येणाऱ्या चुंबकाचेच असतात, तिथे माझी पद्धत लवकर होते असं मला अजूनही वाटतं.

रश्मी_प्रयोगशाळा

मी शाळेत प्रयोगशाळा सांभाळते. मला हा धागा वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. आमच्याकडच्या कुंडलांवर वरून टेप असते. तार कोणत्या बाजूनं गुंडाळली ते बाहेरून दिसत नाही. म्हणजे खरीखुरी वस्तू समोर असूनही आकृती हरवलेलीच. मुलं विचारतात, बाई, काटा उजवीकडे जायला हवा होता की डावीकडे? तर आम्ही गुंडाळणी अशी शोधतो.

एक होकायंत्र कुंडलाच्या डाव्या तोंडाजवळ ठेवायचं. १.५ व्होल्टचा सेल घ्यायचा, धन टोक अ ला, ऋण टोक ब ला, क्षणभरच टेकवायचं, नाहीतर सेल आणि तार दोन्ही तापतात. होकायंत्राच्या सुईचं उत्तर टोक कुंडलाच्या तोंडापासून दूर फेकलं गेलं तर तोंड उत्तर ध्रुव झालं. म्हणजे या कुंडलात धारा आतून अ कडून ब कडे गेली की डावं तोंड उत्तर होतं. सुईचं उत्तर टोक तोंडाकडे ओढलं गेलं तर गुंडाळणी उलट. एकदा कळलं की कुंडलावर रंगानं बाण काढून ठेवायचा.

मग सेल काढून गॅल्व्हानोमीटर लावायचा आणि उत्तर ध्रुव डाव्या तोंडाकडे न्यायचा. पहिल्या प्रकारच्या कुंडलात धारा आतून अ कडून ब कडेच हवी, कारण डावं तोंड पुन्हा उत्तर व्हायला हवं. गॅल्व्हानोमीटरमधून ब कडून अ कडे. विलास सरांनी कागदावर काढलं तेच.

पण काटा उजवीकडे गेला म्हणजे धारा कुठल्या स्क्रूमधून आत शिरली, हेही आधी माहीत हवं. त्यासाठी तोच सेल १० किलोओहमच्या रोधातून गॅल्व्हानोमीटरला जोडायचा. धारा १५० मायक्रोअँपिअरच्या आत राहते, काटा काही घरं सरकतो आणि धन टोक कोणत्या स्क्रूला लावल्यावर उजवीकडे जातो ते दिसतं. रोध न घालता सेल थेट लावला की काटा आपटून वाकतो. आमच्याकडचे दोन असेच गेलेत.

ओंकार_पुणे

मॅडम, घरी डिजिटल मल्टिमीटरवर चालेल का? मी मिलीव्होल्टवर लावून बघितलं, कधी अधिक चिन्ह येतं कधी उणे, एकाच हालचालीला.

रश्मी_प्रयोगशाळा

साधा डिजिटल मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो. तुझा चुंबक तेवढ्यात आत जाऊन थांबलेला असतो, किंवा थोडा मागेही आलेला असतो. मीटर नेमका कोणता क्षण पकडेल सांगता येत नाही. चुंबक जवळ न्यायचा आणि तिथेच घट्ट धरून ठेवायचा, मागे ओढायचा नाही. तरीही काट्याचा, मध्यावर शून्य असलेला गॅल्व्हानोमीटर मिळाला तर तोच वापर. त्यात पहिला झटका कुठे गेला ते डोळ्याला दिसतं.

मंजिरी_क

सर, भाच्यानं दोन्ही आकृत्या काढल्या आणि दोन्ही उत्तरं बरोबर आली. आता त्याचा प्रश्न असा, की आकृती नसलेल्या प्रश्नात निदान काय काय सांगता येतं? त्या पीडीएफमध्ये असे आणखी प्रश्न आहेत.

विलास_नाशिक

चांगला प्रश्न विचारला त्यानं. बळ विचारलं असेल तर आकृती लागत नाही. चुंबक जवळ येतो आहे, तर कुंडल त्याला ढकलणार. दूर जातो आहे, तर ओढणार. ध्रुव कोणता, गुंडाळणी कशी, अ कुठे, काहीही विचारायचं नाही. मंडल पूर्ण असलं पाहिजे, एवढीच अट.

हे योगायोगानं नाही. फॅरेडेनं १८३१ मध्ये प्रवर्तन दाखवल्यावर दिशेसाठी वेगवेगळ्या मांडणीला वेगवेगळे नियम सांगितले जात होते. लेन्झनं १८३४ मध्ये सगळ्यांसाठी एक नियम मांडला तो हालचालीच्या भाषेत: प्रवर्तित धारा अशी असते की तिच्यामुळे घडणारी हालचाल मूळ हालचालीच्या उलट असेल. त्यात डावं-उजवं नाही, काटे नाहीत, अ-ब नाहीत. ही नावं आपण चित्र काढल्यावर येतात, म्हणून चित्राबरोबर जातात.

"चुंबकाच्या बाजूनं पाहता" असे शब्द मजकुरात असतील आणि ध्रुव व जवळ-दूर दिलं असेल, तर काट्यांच्या दिशेनं की उलट, हेही आकृतीशिवाय सांगता येतं. गुंडाळणी डावी असो की उजवी, धारेचं वर्तुळाकार फिरणं तेच राहतं. गुंडाळणीचा संबंध येतो तो फक्त त्या फिरण्याचा टोकांशी मेळ घालताना. आणि चुंबक व कुंडल एकाच वेगानं एकाच दिशेनं सरकत असतील तर धारा शून्य, तिथेही चित्र नको.

अ-ब विचारलं की मात्र थांबायचं.

ओंकार_पुणे

पण सर, परीक्षेत खरंच आकृती छापायची राहिली तर? मी तरी सूचीतलं नेहमीचं उत्तर लिहीन, कोरं सोडण्यापेक्षा.

विलास_नाशिक

पर्यायी प्रश्नात काय करायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं, तो गुणांचा हिशोब आहे. लेखी उत्तरात मी दोन्ही आकृत्या काढून दोन्ही उत्तरं लिहिणाऱ्याला पूर्ण गुण दिले असते. सगळे परीक्षक देतील असं मी म्हणू शकत नाही.

श्रीधर_बडोदा

मला वाटतं अशा ठिकाणी गृहीत धरलेली आकृती स्पष्ट काढून एकच उत्तर द्यावं. दोन उत्तरं दिली की तपासणारा दोन्ही खोडतो.

मंजिरी_क

भाच्याच्या एका मित्राकडे त्या प्रश्नपत्रिकेची मूळ झेरॉक्स निघाली, तिचा फोटो मागवला. चुंबक कुंडलाच्या उजवीकडे आहे! अ डावीकडे, ब उजवीकडे. पण वेढे इतके फिके आलेत की समोरचे कुठले आणि मागचे कुठले ते कळत नाही. नुसत्या तिरक्या रेघा दिसतात.

रश्मी_प्रयोगशाळा

मधल्या रेघा सोडून द्या, टोकाकडे बघा. अ कडून येणारी तार नळीच्या खालच्या कडेला भेटते तिथे फोटो मोठा करा. रेघ कडा ओलांडून नळीच्या अंगावर सलग वर गेली असेल तर तार समोरून चढते. रेघ कडेपाशीच तुटली असेल तर ती मागे गेली. ब कडेही तसंच बघा.

विलास_नाशिक

आणि चुंबक उजवीकडे आहे म्हणजे आता उजवं तोंड उत्तर व्हायला हवं. समोरच्या वेढ्यांत धारा वरून खाली. सूचीतलं (२) खरं असेल तर अ कडची रेघ कडेपाशी तुटलेली दिसायला हवी, कारण तार मागून चढत असेल तरच गॅल्व्हानोमीटरमधून धारा ब कडून अ कडे जाईल. ती सलग दिसली तर सूची चुकली आहे. भाच्याला आधी स्वतः काढू द्या, मग फोटो इथे टाका.

मंजिरी_क

अ पाशी नेमका झेरॉक्सचा काळा डाग आहे. ब पाशी रेघ तुटल्यासारखी वाटते, पण खात्री नाही. मित्राला चांगल्या उजेडात पुन्हा फोटो काढायला सांगितलंय.

विलास_नाशिक

ब एकट्यानंही काम होईल. ब पाशी रेघ खरंच कडेला तुटली असेल तर तार तिथे नळीच्या मागून खाली उतरते. म्हणजे अ पासून ब कडे जाताना ती मागून उतरते आणि समोरून चढते. गुंडाळणी मध्येच बदलत नाही, त्यामुळे अ पाशीही ती समोरून चढत असणार. मग उत्तर (१) येतं, सूचीतलं (२) नाही. नवा फोटो येऊ द्या.